पावलांचा आवाज: ध्वनिसंग्रहातून की फोली कलाकाराकडून?

चित्रीकरणाच्या वेळी मायक्रोफोन संवादांवर रोखलेला असल्याने पावलांचा आवाज बहुधा नंतर भरावा लागतो. दूरच्या गर्दीसाठी ध्वनिसंग्रहातील तयार तुकडे पुरतात. मात्र जिना उतरणारी व्यक्ती मध्येच थबकून वळते, तेव्हा संग्रहातील एकसारखी पावले कृत्रिम वाटतात, कारण प्रत्येक पावलावर बदलणारे शरीराचे वजन त्यांत उमटत नाही. फोली कलाकार, म्हणजे दृश्याला जुळणारे आवाज स्वतः काढणारा कलाकार, पडद्याकडे पाहत, योग्य बूट घालून, लाकडी फळीवर जवळपास जागच्या जागी चालतो. थबकण्याआधीचे पाऊल तो हलके टाकतो आणि वळताना तळवा किंचित घासतो. कपड्यांची सळसळ स्वतंत्र ट्रॅकवर, कापड हाताळून ध्वनिमुद्रित होते, म्हणजे मिश्रणात ती वेगळी कमी-जास्त करता येते. यात वेळ अधिक जातो, तरीही जवळून टिपलेल्या दृश्यासाठी मी फोलीच निवडेन.