सेल बदलताना 'वॉटर टेस्ट'चे पैसे घेतले, टेस्ट झालीच नव्हती

मुलीच्या घड्याळावर ५० मीटर लिहिलंय. सेल संपला म्हणून बाजारातल्या एका दुकानात दिलं. सेल, नवी रबरी रिंग आणि वॉटर टेस्ट, तिन्हींचे पैसे बिलात लावले. "पन्नास मीटर आहे ताई, बिनधास्त पोहू दे," असं दुकानदार म्हणाला. त्याच आठवड्यात पोहून आल्यावर काचेच्या आतून वाफ धरलेली दिसली.

तक्रार केली तर उत्तर मिळालं, "पोहताना हात जोरात मारला की दाब पन्नास मीटरच्या वर जातो." हे कारण सगळीकडे सांगतात, पण हिशेबात बसत नाही. हात सेकंदाला ४ मीटर वेगाने पाण्यात मारला तरी त्याने वाढणारा दाब साधारण ०.०८ बार, म्हणजे एक मीटर खोलीइतकाही नाही. घड्याळावरचे ५० मीटर म्हणजे ५ बार. हात मारून ते ओलांडले जात नाहीत.

मग पाणी शिरतं कसं? तो आकडा नव्या घड्याळाचा असतो. आयएसओ २२८१० या मानकाप्रमाणे घड्याळ न हलवता पाण्यात ठेवून काही मिनिटं तेवढा दाब देतात, आणि ही टेस्टही प्रत्येक नगाची नाही, नमुन्यांची केली तरी चालते. (डायव्हिंगच्या घड्याळांचं आयएसओ ६४२५ वेगळं आहे, तिथे प्रत्येक नग तपासावा लागतो.) पाणी अडवते ती मागच्या झाकणाची, चावीची आणि काचेची रबरी रिंग. ती वर्षांनुवर्षांत कडक होते, चपटी होते, आणि घड्याळावरचा आकडा मात्र तसाच राहतो. म्हणून ३० मीटरवाल्या घड्याळाने पाऊस आणि हात धुणं एवढंच सोसावं. पोहायला किमान ५० आणि रिंगा धड हव्यात. १०० असेल तर जास्त बरं. गरम शॉवरखाली मात्र कुठलंच घालू नये, उष्णतेने आणि साबणाने रिंगा लवकर खराब होतात.

दुसऱ्या घड्याळजींनी झाकण उघडून दाखवलं. रिंग जुनीच होती, एका ठिकाणी झाकणाखाली चिमटून चिरलेली, आणि सिलिकॉन ग्रीसचा मागमूस नव्हता. नवी रिंग बसवली असती तर ती गोल आणि लवचिक असती. टेस्ट केली असती तर ही चीर लगेच सापडली असती.

त्यांनी आतला भाग सुकवला, रिंग बदलली आणि माझ्यासमोर टेस्ट केली. बंद काचपात्रात घड्याळ पाण्याच्या वर टांगतात आणि हवेचा दाब देतात. फट असेल तर हवा आत शिरते. मग घड्याळ पाण्यात सोडून दाब हळूहळू कमी करतात. आत गेलेली हवा बुडबुड्यांच्या ओळीने त्याच फटीतून बाहेर येते. तशी ओळ दिसताच घड्याळ लगेच वर काढायचं असतं, नाहीतर दाब पूर्ण उतरल्यावर पाणी आत खेचलं जातं. टेस्टचे पैसे मागितले तर हे यंत्र बघायला मागा आणि टेस्ट होईपर्यंत दुकानातच थांबा.