24 तासांचं घड्याळ की सूर्याच्या डुलण्याचं कॅलेंडर?

प्रॉक्सिमा सेंटॉरी या ताऱ्याच्या प्रॉक्सिमा बी ग्रहावर माणसांनी वस्ती केली, तर तिथे वेळ कशाने मोजायची? हा ग्रह 11.2 दिवसांत ताऱ्याभोवती फेरी मारतो, आणि तो टायडली लॉक्ड असेल, म्हणजे त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असेल, तर उजेड आणि अंधाराच्या सीमेवरच्या संधिप्रकाशाच्या पट्ट्यात तिथला सूर्य, म्हणजे तो तारा, कायम क्षितिजालाच चिकटलेला. झोपेला आणि शिफ्टला 24 तासांचंच घड्याळ हवं, शरीर 11 दिवसांवर ताणता येत नाही, जाड पडदे ओढून रात्र करावीच लागणार. पण सोलर पॅनेलला त्याचा काय उपयोग? कक्षा जराशी लांबट असली, समजा विकेंद्रता 0.05, तर सूर्य साधारण पावणेसहा अंश इकडेतिकडे डुलतो, म्हणजे पट्ट्याच्या मधोमध साडेपाच दिवस सूर्य वर आणि तेवढेच दिवस क्षितिजाखाली, बॅटरी आणि पिकं त्याच हिशोबाने. कक्षा अगदी गोल निघाली तर मात्र खांबाची सावली हलणारच नाही आणि हे दुसरं कॅलेंडर बाद. म्हणून माझं मत पहिल्यालाच.