संध्याकाळची फ्रेंच: आधी पुस्तक की आधी कान?

ऑफिसनंतर रोज पाऊण तास, चार आठवडे. एवढ्यात पहिल्या दिवसापासून व्याकरणाचं पुस्तक उघडावं, की पहिला आठवडा फक्त ऐकण्याला द्यावा?

पुस्तकाने सुरुवात केली की प्रगती डोळ्यांना दिसते. दोन आठवड्यांत ‘असणे’ आणि ‘जवळ असणे’ ही दोन मुख्य क्रियापदं पाठ होतात, सोपा उतारा वाचता येतो. दमलेल्या माणसाला हे बरं वाटतं. पण फ्रेंच जशी लिहितात तशी बोलत नाहीत. ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ यांचं लिखाण वेगळं, उच्चार मात्र दोन्हींचा ‘इल पार्ल’. उलट ‘तो प्रेम करतो’ म्हणजे ‘इल एम’ आणि ‘ते करतात’ म्हणजे ‘इल् झेम’. अनेकवचन कळतं ते मधल्या ‘झ’वरून. पुस्तकवाल्याला तो ऐकूच येत नाही.

कानाच्या वाटेत पहिला आठवडा कंटाळवाणा जातो. ओठ ‘ऊ’सारखे गोल ठेवून ‘ई’ म्हणायचं, नाकातले स्वर घोटायचे. दुसऱ्या आठवड्यापासून तीच दोन क्रियापदं, पण आधी ऐकून, मग लिहून. तिसऱ्यात नियमित क्रियापदं, चौथ्यात ‘जाणे’ वापरून जवळचा भविष्यकाळ. दर शुक्रवारी पाच वाक्यांचं श्रुतलेखन: शब्दाचा शेवट चुकला तर व्याकरण कच्चं, शब्दच भलता लिहिला तर कान.

फक्त वाचायचंच असेल तर पुस्तक पुरे. बोलायचं असेल तर मी कानाकडे झुकेन.