बिलाच्या फोटोतून आलेला डेटा पेमेंटआधी कसा तपासायचा: नजरेने, बेरजेने की परत टाइप करून?

मंडळी, थोडाच वेळ घेतो. बिलाचा फोटो टाकला की सॉफ्टवेअर रक्कम, बिल नंबर, अकाउंट नंबर सगळं आपोआप भरून देतं आणि आपण ते तसंच अप्रूव्हलला पुढे सरकवतो. त्याआधी तपासायचं कसं हे आज ठरवायचंय. पेमेंट एकदा चुकीच्या खात्यात गेलं की परत येईलच असं नाही, म्हणून हे त्याआधीच व्हायला हवं.

सुरुवात सॉफ्टवेअर आकड्याशेजारी जे टक्के दाखवतं त्यांच्यापासून करतो, कारण बरेच जण त्यावरच विसंबून असतात. रकमेशेजारी ९८ टक्के दिसलं की आपण सोडून देतो, पण तो टक्का बहुतेक वेळा एवढंच सांगतो की आकडे ओळखताना मशीनला किती खात्री होती. टॅक्सच्या आधीची रक्कम जर त्याने एकूण रक्कम म्हणून उचलली, तर आकडा एकदम स्वच्छ वाचलेला असतो, फक्त चुकीच्या ओळीतला. टक्का कमी असेल तर नक्की बघा, पण जास्त आहे म्हणून तपासणी टाळू नका.

आता नजरेने ताडून बघणं. सगळ्यात सोपं, फोटो एका बाजूला, भरलेला फॉर्म दुसऱ्या बाजूला. तारीख, पार्टीचं नाव, बिल कोणत्या कामाचं आहे यासाठी हे पुरतं. पण लांब नंबरात हे फसतं, कारण समोर आधीच भरलेला नंबर असला की डोळा तोच फोटोत शोधतो, आणि मधला ३ चा ८ झालेला असला तरी सगळं बरोबर वाटतं. दमलेल्या माणसाचं तर विचारूच नका.

बेरजेची तपासणी मला रकमेसाठी सगळ्यात भरवशाची वाटते, कारण यात बिलच बिलाला तपासतं. समजा तीन ओळी आहेत: १२ नग १४५ च्या दराने म्हणजे १,७४०, मग ४ नग ३६५ ने म्हणजे १,४६०, आणि तिसरी ८०० ची. बेरीज ४,०००, त्यावर १० टक्के टॅक्स ४००, एकूण 4400.00. कागदाची घडी नेमकी त्या टिंबावरून गेलीय, फोटोत टिंब दिसत नाही, आणि मशीन लिहितं 440000. शंभर पट! फक्त एकूण रकमेचा चौकोन बघणाऱ्याला हे मोठं बिल वाटेल, पण ओळींची बेरीज लावली की तिथेच अडकतं. ३६५ चा ३८५ झाला तरी तसंच, ४ ने गुणलं की १,५४० येतात आणि ओळीत १,४६० आहेत. अर्थात मशीनने ओळीसुद्धा वाचायला हव्यात, नुसती एकूण रक्कम काढली असेल तर बेरीज लावणार कशाशी. आणि बिल नंबर, अकाउंट नंबर यांच्याबद्दल बेरीज काहीच सांगू शकत नाही.

तिथे परत टाइप करणं लागतं. दुसऱ्या माणसाने भरलेला नंबर न बघता फक्त फोटोवरून नंबर टाकायचा आणि दोन्ही जुळतात का ते सिस्टिमने बघायचं. वेळ जातो हे मान्य, म्हणून दोनच गोष्टींना करा. एक अकाउंट नंबर. दुसरा बिल नंबर, ज्याला फार कोणी महत्त्व देत नाही पण डबल पेमेंट इथूनच होतं. तेच बिल एकदा `INV-0187` म्हणून आलं आणि महिन्याने दुसऱ्या फोटोतून `INV-O187` म्हणून, म्हणजे शून्याच्या जागी इंग्रजी ओ, तर नंबर जसाच्या तसा जुळवणाऱ्या सिस्टिमसाठी ती दोन वेगळी बिलं आहेत आणि दोन्ही पास होतात.

अकाउंट नंबरचं अजून एक आहे. परदेशी बँका वापरतात त्या आयबीएएनसारख्या खाते नंबरात तपासणीचे दोन अंक असतात, त्यामुळे एखादा आकडा चुकीचा वाचला तर ते पकडलं जातं. पण बिलावरच कोणी दुसऱ्याचं खातं छापून पाठवलं असेल तर तो नंबर अगदी वैध असतो, मशीनने वाचलेलाही बरोबर असतो, आणि आपण कितीही वेळा टाइप केला तरी जुळणारच. म्हणून व्हेंडर मास्टर, म्हणजे आपल्याकडे पार्ट्यांची जी नोंद असते, तिच्यातल्या नंबरशी ताडायचं, आणि वेगळा निघाला तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या फोन नंबरवर विचारायचं, बिलावरच्या फोनवर नाही.

तर माझं मत असं: बेरीज प्रत्येक बिलाला, ती सिस्टिमलाच लावू दे, नंबर परत टाइप करून आणि मास्टरशी जुळवून, बाकी नजरेने. बिलं थोडीच असतील तरी नंबरांचं सोडू नका. आणि चमक किंवा सावलीमुळे आकडा आपल्यालाच वाचता येत नसेल तर मशीनने भरलेलं खरं मानू नका, कारण काही सॉफ्टवेअर पुसट जागी शक्य वाटणारा आकडा बसवून मोकळं होतं. नवीन फोटो किंवा मूळ पीडीएफ मागवा, तोपर्यंत पेमेंट होल्डवर ठेवा.