इन्युलिन, गवार डिंक की इसबगोल? पोटातल्या जिवाणूंसाठी निवड करताना

इन्युलिनची पावडर आणायची, पहिल्याच दिवशी दोन-तीन मोठे चमचे पाण्यात ढवळून घ्यायचे आणि संध्याकाळी पोट नगाऱ्यासारखं फुगलं की डबा कपाटात टाकायचा. असं बऱ्याच घरांत होतं. माझ्या मते यात दोष बहुतेक वेळा मात्रेचा असतो.

इन्युलिन म्हणजे फ्रुक्टोजची लांब साखळी. बाजारातलं बहुतेक इन्युलिन चिकोरीच्या मुळापासून काढतात. ही साखळी तोडणारं विकर आपल्याकडे नाही, म्हणून ती जशीच्या तशी मोठ्या आतड्यात पोचते. तिथे बायफिडोबॅक्टेरियम जातीचे जिवाणू ती खाऊन आम्लं तयार करतात. त्या आम्लांपासून दुसरे जिवाणू ब्युटिरेट बनवतात आणि त्यावर आतड्याच्या अस्तरातल्या पेशी पोसतात. बायफिडो स्वतः वायू सोडत नाहीत. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात ते याच पंगतीला बसलेले इतर जिवाणू. सुरुवातीला बायफिडो थोडे असतात, त्यामुळे इतरांच्या वाट्याला जास्त येतं. रोज थोडं थोडं मिळत राहिलं की बायफिडो वाढतात, आणि बहुतेकांचा त्रास दोन-तीन आठवड्यांत ओसरतो.

वायू किती जाणवतो हे आंबण्याच्या वेगावरही ठरतं. एफओएस हा इन्युलिनचाच आखूड साखळीचा भाऊ. तो झपाट्याने आंबतो, म्हणून नाजूक पोटाला जास्त जड जातो. गवारीच्या बियांतला डिंक विकराने तोडून केलेली पावडर (डब्यावर PHGG असं लिहिलेलं असतं) सावकाश आंबते. वायू एकदम न होता हळूहळू होतो, आणि तो शरीराला सहज बाहेर टाकता येतो. इसबगोल तर जिवाणू फारसा खातच नाहीत. तो पाणी धरून मल मऊ करतो. त्याने वायू कमी होतो, पण जिवाणूंनाही खाऊ कमीच मिळतो. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या प्रयोगात आयबीएस, म्हणजे आतडं सहज बिथरण्याचा जुनाट विकार असलेल्या रुग्णांना इन्युलिनसोबत इसबगोल दिल्यावर वायू कमी झाला होता.

पोट साफ होणं एवढीच गरज असेल तर मी इसबगोल सुचवेन, मात्र सोबत भरपूर पाणी हवं. आयबीएस असेल किंवा कांदा-लसणानेही पोट फुगत असेल तर गवार डिंक घ्या, कारण कांदा-लसणातही इन्युलिनच्याच कुळातले फ्रुक्टान असतात. पोट धडधाकट असेल आणि बायफिडो वाढवायचे असतील तर इन्युलिन.

इन्युलिनची सुरुवात जेवणासोबत २-३ ग्रॅमने, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याने करा. आठवडाभर तेवढंच ठेवा, मग ५ ग्रॅम करा. पोट तक्रार करू लागलं तर एक पायरी खाली या. युरोपात शौचाच्या नियमिततेचा दावा करायचा तर दिवसाला १२ ग्रॅम लागतात, पण तिथवर पोचायलाच हवं असं नाही.

घेतल्यापासून काही तासांनी पोट फुगून वायू सरत असेल तर हे आंबणंच आहे. अर्ध्या तासातच फुगलं तर आधी बरोबर खाल्लेल्या इतर पदार्थांकडे पाहा. महिनाभर कमी मात्रेवरही दुखत राहिलं, वजन उतरलं किंवा शौचातून रक्त गेलं, तर पावडर थांबवून डॉक्टरांकडे जा.