दहा दिवसांत निम्मा होणारा संकेत: पोर्टफोलिओ रोज बदलावा, आठवड्याने, पंधरवड्याने की महिन्याने?

निफ्टी २०० मधून २० शेअर निवडणारा एक संकेत घेऊ. आपल्या क्षेत्राच्या तुलनेत जो शेअर अलीकडे अवाजवी पडला आहे तो सावरतो, एवढेच तो सांगतो. ताजा असताना तो निर्देशांकापेक्षा दिवसाला ०.०६ टक्के जादा परतावा देतो आणि १० व्यवहारदिवसांत त्याची ताकद निम्मी होते, असे उदाहरणापुरते धरू.

खर्चाची बाजू मात्र बरीचशी ठरलेली आहे. डिलिव्हरीच्या व्यवहारात खरेदी आणि विक्री या दोन्हींवर प्रत्येकी ०.१ टक्का एसटीटी लागतो आणि खरेदीवर ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. एक्स्चेंजचे शुल्क आणि त्यावरचा जीएसटी धरला, तर ब्रोकरेज शून्य असूनही एक शेअर विकून दुसरा घेण्यास सुमारे ०.२२ टक्के जातात. बोली आणि मागणीतला फरक व आपल्याच ऑर्डरमुळे सरकणारा भाव यांपोटी दोन्ही बाजूंचे मिळून ०.२० टक्के धरले, तर फेरा ०.४२ टक्क्यांना पडतो. वर्षाचे २५० व्यवहारदिवस धरून चारही पर्यायांचा हिशेब असा होतो (सर्व आकडे टक्क्यांत):

| बदल | दर वेळी बदलणारा हिस्सा | वार्षिक जादा परतावा | खर्च | उरलेले | फेरा ०.६० झाल्यास उरलेले |
|---|---|---|---|---|---|
| रोज | २० | १५.० | २१.० | −६.० | −१५.० |
| ५ दिवसांनी | ४० | १३.१ | ८.४ | ४.७ | १.१ |
| १० दिवसांनी | ५८ | ११.२ | ६.१ | ५.१ | २.५ |
| २० दिवसांनी | ८० | ८.४ | ४.२ | ४.२ | २.४ |

या तक्त्यात सर्वांत बोलका आकडा पहिल्या ओळीतला २० हा आहे. संकेत १० दिवसांत निम्मा होतो, म्हणजे एका दिवसात तो जेमतेम ६.७ टक्के विरतो. तरीही पोर्टफोलिओचा पाचवा हिस्सा बदलला जातो. उरलेले सुमारे १३ टक्के बदल नव्या माहितीमुळे होत नाहीत. विसाव्या क्रमांकाचा शेअर आज बाविसावा होतो, उद्या पुन्हा एकोणिसावा होतो, आणि आपण त्याच्या मागे विक्री व खरेदी करत राहतो. हेलकाव्यांमुळे होणारी ही उलाढाल नसती आणि केवळ विरण्याइतकेच बदल झाले असते, तर याच खर्चातही रोजचा पर्याय सर्वांत फायद्याचा ठरला असता. म्हणून आपला टर्नओव्हर आणि संकेत विरण्याचा वेग हे दोन आकडे शेजारी मांडून पाहावेत. दोहोंत जितकी तफावत, तितका खर्च वाया जातो.

पंधरवड्याचा पर्याय मला सुरक्षित वाटतो, तो केवळ ५.१ हा आकडा मोठा आहे म्हणून नव्हे. खर्चाचा अंदाज चुकून फेरा ०.६० टक्क्यांवर गेला, तर आठवड्याचा फायदा जवळपास संपतो, पंधरवड्याचा मात्र निम्मा टिकतो. मिडकॅप शेअरमध्ये ही चूक सहज घडते, कारण पडलेल्या शेअरची बाजारातली खोली नेमकी त्याच दिवसांत कमी झालेली असते.

रोज पाहायचेच असेल, तर प्रवेशाची आणि निर्गमनाची रेषा वेगळी ठेवावी: पहिल्या २० मध्ये आला की घ्यायचा, पण ४० च्या खाली घसरल्याशिवाय विकायचा नाही. समजा त्यामुळे रोजचा बदल ७ टक्क्यांवर आला आणि जादा परतावा १३ टक्के राहिला, तर ०.४२ च्या फेऱ्यात खर्च सुमारे ७.४ होऊन ५.६ टक्के उरतात. हा पर्याय पंधरवड्याच्या किंचित पुढे आहे. मात्र त्यासाठी रोज शिस्तीने ऑर्डर टाकाव्या लागतात.

भांडवल लहान असेल, तर हीच तुलना उलटते. विक्रीच्या दिवशी प्रत्येक शेअरमागे डीपी शुल्क ठरावीक रकमेने कापले जाते. ते १५ रुपये धरले, तर २५,००० रुपयांच्या विक्रीवर ते ०.०६ टक्के होते; पण वजन जुळवण्यासाठी त्याच शेअरचे केवळ २,००० रुपयांचे विकले, तर ०.७५ टक्के. माझ्या सुरुवातीच्या एका वहीत खर्चाचा सर्वांत मोठा रकाना अशा छाटण्यांचाच निघाला होता. लहान खात्यात शेअर पूर्ण विकावा किंवा तसाच ठेवावा.

अर्धा होण्याचा काळ मोजताना पहिल्या दिवसाचा, दुसऱ्या दिवसाचा, तिसऱ्या दिवसाचा परतावा वेगवेगळा मोजावा. एकत्रित परताव्यात पहिल्या दिवसाची चमक पुढच्या सर्व दिवसांवर पडते. शिवाय पडलेल्या शेअरचा शेवटचा व्यवहार बहुधा बोलीच्या भावाला झालेला असतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कागदावर दिसणारी उसळी प्रत्यक्षात हाती येत नाही. संकेत बाजार बंद झाल्यावर काढून खरेदी दुसऱ्या दिवशी करणार असाल, तर मोजणीही त्या खरेदीच्या भावापासूनच सुरू करावी. तसे केल्यावर अर्धा होण्याचा काळ १० ऐवजी २ दिवस निघाला, तर ताजेपणी दिवसाला ०.०६ टक्के देणारा हा संकेत पूर्ण विरेपर्यंत एकूण सुमारे ०.२ टक्केच देतो. तो एसटीटी आणि मुद्रांक शुल्काइतकाही भरत नाही, आणि मग वरील चारही पर्यायांपैकी एकही घेण्याजोगा राहत नाही.