पोटॅशियम सायट्रेटचं सिरप आणि पीएचच्या पट्ट्या: सात महिन्यांचा अनुभव

मार्चमध्ये डाव्या कुशीतून मांडीपर्यंत कळ गेली आणि दोन दिवसांनी लघवीतून मुगाएवढा पिवळट-तांबूस खडा पडला. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, म्हणून लघवी चहाच्या जुन्या गाळणीतून गाळत होतो. तो खडा तपासायला दिला आणि रिपोर्ट आला, यूरिक ॲसिड. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत उपयोगाची गोष्ट ती गाळणीच ठरली. सिरपने विरघळतो तो यूरिक ॲसिडचा खडा. कॅल्शियमचा असता तर कितीही बाटल्या पिऊन तो विरघळला नसता.

डाव्या किडनीत अजून एक 11 मिमीचा खडा बसलेला होता. सोनोग्राफीत दिसला, साध्या एक्स-रेत दिसला नाही. यूरिक ॲसिडचे खडे एक्स-रेत सहसा दिसतच नाहीत. सीटी स्कॅनमध्ये मात्र स्पष्ट दिसला, घनता साधारण 380 हाऊन्सफील्ड, म्हणजे कमी. लघवी अडलेली नव्हती, ताप नव्हता, म्हणून नागपुरात धंतोलीतल्या माझ्या यूरोलॉजिस्टनी ऑपरेशनऐवजी विरघळवून बघू म्हटलं. लघवी अडून ताप आला तर मात्र सिरप पीत घरी थांबायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा, हे त्यांनी दोनदा बजावलं.

त्यांनी हिशेब असा समजावला. पीएच 5 असेल तर एक लिटर लघवीत जेमतेम 150 मिलीग्रॅम यूरिक ॲसिड विरघळलेलं राहतं, पीएच 7 ला त्याच्या दहापट. मला बारा वर्षांपासून शुगर आहे आणि शुगरवाल्यांची लघवी बरेचदा जास्त आम्ल असते. माझी पहिल्या दिवशी 5 होती. खडा विरघळवायचा तर ती 6.5 ते 7 च्या मध्ये धरायची. सातच्या वर नेत राहिलं तर कॅल्शियम फॉस्फेटचा थर बसायला लागतो आणि मग तो विरघळत नाही.

लघवीचा आम्लपणा कमी करून पीएच वर नेण्यासाठीचं सिरप होतं पोटॅशियम सायट्रेट आणि सायट्रिक ॲसिडचं, 5 मिलीत 1100 आणि 334 मिलीग्रॅमवालं. 10 मिली दिवसातून तीनदा, जेवणानंतर. पहिले चार दिवस मी अर्ध्या कप पाण्यात घेतलं आणि पोटात आग, पातळ संडास. मोठ्या ग्लासभर थंड पाण्यात घालून हळूहळू प्यायला लागल्यावर त्रास गेला.

आता मुद्द्याचं. पीएचची 4.5 ते 9 ची पट्टी घेतली, अर्ध्या-अर्ध्या टप्प्याची. दहा तपासण्या एकत्र असलेली पट्टी घेऊ नका असं मी म्हणेन. तिच्यावर पीएचचे रंग एवढे लांब लांब असतात की 6 आणि 6.5 मधला फरक कळतच नाही, आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो. लघवी ताजी घ्यायची, पट्टी बुडवून लगेच झटकायची, डबीवर लिहिलेल्या वेळेला खिडकीच्या उजेडात रंग जुळवायचा. ट्यूबलाइटखाली हिरवट छटा चुकते. तासभर ठेवलेली लघवी तपासू नका, ठेवलेल्या लघवीचा पीएच आपोआप चढतो.

एप्रिलमध्ये मी रोज दुपारी चारलाच तपासायचो. 6.5, 7, 6.5, 7. खूश होतो. तीन आठवड्यांनी वही दाखवली तर डॉक्टर म्हणाले, "काका, सकाळची कुठाय?" दुसऱ्या दिवसापासून उठल्याबरोबर तपासली. 5.5. तिसऱ्या दिवशी 5. म्हणजे दिवसभर खडा विरघळवायचा आणि रात्रभर पुन्हा यूरिक ॲसिड साचू द्यायचं, असं चाललं होतं. जेवणानंतर लघवीचा पीएच तसाही थोडा चढतो, म्हणून दुपारचा आकडा चांगला दिसायचा. रात्री साडेआठच्या डोसचा असर पहाटेपर्यंत ओसरायचा. त्यात मी रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळी सातनंतर पाणीच कमी प्यायचो. नागपूरचा एप्रिल, रात्रभर कूलर, घामाने अंग सुकलेलं, लघवी गडद पिवळी.

डॉक्टरांनी एकूण 30 मिली तेवढेच ठेवले, वाटणी बदलली: सकाळी 10, दुपारी 5 आणि रात्री झोपताना 15, पूर्ण ग्लास पाण्यात, सोबत दोन बिस्किटं. आता पहाटे तीनला एकदा उठावं लागतं. सुरुवातीला त्या वेळेचीही तपासली, 7 आली. सकाळी सहाला 6.5. चौथ्या दिवसापासून सकाळचा आकडा 6 च्या खाली गेला नाही, फक्त एकदा भाच्याच्या लग्नात सावजी मटण झाल्यावर दुसऱ्या सकाळी 5.5 आला. तुम्ही दिवसातून एकदाच तपासणार असाल तर ती सकाळचीच असू द्या.

जूनमध्ये रक्तातलं पोटॅशियम 5.2 आलं. मी बीपीसाठी टेल्मिसार्टन घेत होतो, आणि ती गोळी स्वतःच पोटॅशियम शरीरात धरून ठेवते. डॉक्टरांनी गोळी बदलली, पंधरा दिवसांनी 4.5. ही तपासणी न करता हे सिरप कुणी महिनोन्‌महिने घेऊ नये, किडनी कमजोर असेल तर अजिबातच नाही. याच काळात एका मेडिकलमध्ये "हेच आहे, कंपनी वेगळी" म्हणून दुसरी बाटली दिली. घरी येऊन वाचलं तर डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट. लघवी त्यानेही अल्कली होते, पण त्यात सोडियम आहे. मला बीपी, म्हणून परत केली.

ऑगस्टमध्ये पाऊस लागला आणि चार दिवस सकाळ-संध्याकाळ 7.5 दिसायला लागलं. डोस कमी करायला निघालो होतो. बायको म्हणाली, "अहो, डबी तर बघा, झाकण उघडंच असते तुमचं बाथरूममध्ये." कोरी पट्टी आधीच पिवळीची हिरवट झाली होती. लिंबाच्या रसात बुडवली तर सगळ्यात खालच्या रंगावर जायला हवी, गेली नाही. नवीन डबी फोडली, त्याच लघवीत 6.5. तेव्हापासून डबी बेडरूमच्या कपाटात, आतली ओल शोषणारी पुडी फेकायची नाही, आणि दर पंधरा दिवसांनी एक पट्टी लिंबाच्या रसात. डॉक्टरांनी हेही सांगितलं की नवीन पट्टीवरही आकडा 7.5 च्या वरच राहिला तर लघवीचा कल्चर करायचा. काही जंतू युरिया फोडून लघवी अल्कली करतात, तेव्हा दोष सिरपचा नसतो.

जुलैच्या स्कॅनमध्ये खडा 11 चा 4 मिमी झाला होता. ऑक्टोबरच्या स्कॅनमध्ये नाही. आता फक्त झोपतानाचे 15 मिली चालू आहेत, आणि लक्ष्य 6 ते 6.5. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी तपासतो, बाकी दिवशी नाही. बाजारात आंबिया बहाराची संत्री आली आहेत. शुगर असल्यामुळे रस पीत नाही, दुपारी एक फळ खातो. सकाळच्या आकड्यावर त्याने काही फरक पडला नाही, वहीत गेल्या सोमवारी 6 आणि गुरुवारी 6.5 आहे.